मामेभावाला पाच लाख, शेकडा एक व्याजाने

माझ्या मामेभावाचं नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. वर्षाची उलाढाल साठ लाखांच्या आसपास. त्याला जुनं लेथ मशीन घ्यायचं आहे आणि बँकेचं कर्ज लांबतंय, म्हणून माझ्याकडे पाच लाख मागतोय. दोन वर्षांत फेडतो, "शेकडा एक व्याज देतो" असं तो स्वतःच म्हणाला. मी खासगी कंपनीत नोकरीला आहे, पगार वर्षाला १५ लाख. तीन लाख ठेव मोडून बँकेतून देईन, दोन लाख घरात रोख आहेत. व्याजावर मला कर भरावा लागेल का? त्याच्या बाजूने टीडीएस वगैरे कापला जाणार नाही, मग दाखवायचं कसं? घरातलेच असल्याने "कागद कशाला?" असं सगळे म्हणतात. नोंदी नेमक्या कुठल्या ठेवू?
— एक वाचक, नाशिक

आधी "शेकडा एक" म्हणजे काय ते ठरवून घ्या. बोलीभाषेत शेकडा एक म्हणजे महिन्याला एक टक्का, वर्षाला बारा. शाळेच्या गणितात मात्र दर शेकडा म्हटलं की पुढे दर साल येतं. उद्या भाऊ "मी वर्षाला एक टक्का म्हणालो होतो" असं म्हणणार नाही. पण तुमच्या दोघांनंतर हा व्यवहार निस्तरायची वेळ त्याच्या बायकोवर किंवा तुमच्या मुलावर आली, तर त्यांना हे कळायला मार्ग नसेल. म्हणून कागदावर "द.सा.द.शे. १२, सरळव्याज, शिल्लक मुद्दलावर" असं पूर्ण लिहा. "शिल्लक मुद्दलावर" हे दोन शब्द गाळलेत, तर अर्धं कर्ज फिटल्यावरही व्याज पूर्ण पाच लाखांवर की उरलेल्या रकमेवर, हा वाद उभा राहतो.

आता रोख दोन लाखांबद्दल. ते देऊ नका. अट तुमच्यासाठी नाही, भावासाठी आहे, म्हणून तुम्ही अधिक सांभाळायचं. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम २६९एसएस म्हणून ओळखलं जायचं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण सनदी लेखापाल अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून तो लक्षात असू द्या. दंड जितकं कर्ज रोखीने घेतलं तितका होऊ शकतो आणि तो कर्ज घेणाऱ्याला होतो. म्हणजे तुम्ही विश्वासाने दोन लाख रोख द्यायचे आणि भावाने दोन लाखांच्या दंडाला सामोरं जायचं.

मग १९-१९ हजार करून दिले तर? तेही चालत नाही. आधीची शिल्लक आणि नवी रक्कम मिळून आकडा २०,००० ला पोचला की अट लागू होते. परतफेडीलाही असाच नियम आहे, जुन्या कायद्यातलं कलम २६९टी. मुद्दल आणि व्याज मिळून शिल्लक २०,००० किंवा जास्त असेल, तर एखादा हप्ता पंधरा हजारांचा असला तरी तो रोखीने फेडायचा नाही. दंड इथेही फेडणाऱ्यालाच. ज्या दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं आहे आणि करपात्र उत्पन्न नाही, त्यांना रोखीने कर्ज घेण्याच्या अटीतून सूट आहे. तुम्ही पगारदार, भाऊ कारखानदार, तेव्हा ती सूट तुमच्या कामाची नाही.

म्हणजे घरातले दोन लाख आधी तुमच्या खात्यात भरा. ते कुठून आले, याचा पुरावा तुमच्याकडे हवा. पूर्वी बँकेतून काढलेले असतील तर त्या नोंदी काढून ठेवा. मग तुमच्या एकट्याच्या खात्यातून भावाच्या खात्यात एनईएफटी, आरटीजीएस किंवा युपीआयने पाठवा. क्रॉस केलेला, "अकाउंट पेयी" लिहिलेला धनादेशही चालतो. पैसे त्याच्या बायकोच्या किंवा मशीन विकणाऱ्याच्या खात्यात परस्पर पाठवू नका. कर्जदार भाऊ आणि पैसे घेणारा तिसराच, असं झालं की पुढे प्रत्येक टप्प्यावर खुलासा द्यावा लागतो. बँकेच्या शेऱ्याच्या रकान्यात `LOAN` लिहा. भावाने हप्ता पाठवताना मुद्दल आणि व्याज वेगवेगळं पाठवावं, एकाला `LOAN REPAY` आणि दुसऱ्याला `INTEREST` असा शेरा द्यावा. एवढी सवय लावली तर वर्षाअखेरी तुमचं बँकेचं स्टेटमेंट हीच निम्मी खातेवही होते.

इथे घरगुती व्यवहारात हमखास होणारी एक चूक सांगतो. मुलीच्या लग्नाचा हॉल भावाने त्याच्या ओळखीने घेतला, ४०,००० त्याने भरले आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, हप्त्यात वळते कर." परतफेडीची ही वळती बँकेतून झालेली नसते. मुंबई उच्च न्यायालयानेही नुसत्या जमाखर्ची नोंदीने केलेली परतफेड हा नियमभंगच धरला आहे. दंड माफ होण्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. तुम्ही त्याला ४०,००० पाठवा, त्याने त्याचा हप्ता पाठवावा. पैसे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले तरी चालतील, पण दोन्ही नोंदी बँकेत दिसू द्या.

कराकडे वळू. होय, कर तुम्हालाच भरायचा आहे. मिळालेलं व्याज "इतर स्रोतांपासून उत्पन्न" या सदरात येतं आणि तुमच्या टप्प्याच्या दराने त्यावर कर लागतो. मुद्दल परत आलं, ते उत्पन्न नाही. बचत खात्याच्या किंवा ठेवीच्या व्याजाला जुन्या करप्रणालीत जी वजावट असते, ती बँक, टपाल खातं आणि सहकारी बँकेपुरती असते. भावाकडून आलेल्या व्याजाला ती लावू नका. अनेक जण विवरणपत्र भरताना सगळं व्याज एकाच ओळीत टाकतात आणि तिथेच फसतात.

आकड्यांत पाहू. समजा तुम्ही १ ऑक्टोबर २०२६ ला पाच लाख पाठवले. दर तिमाहीला ६२,५०० मुद्दल, असे आठ हप्ते, आणि प्रत्येक तिमाहीला शिल्लक मुद्दलावर ३ टक्के व्याज. पहिल्या तिमाहीला व्याज १५,०००. मग मुद्दल ४,३७,५०० राहतं, त्यावर १३,१२५. पुढे ११,२५०, ९,३७५, ७,५००, ५,६२५, ३,७५० आणि शेवटी १,८७५. आठ हप्त्यांचं मिळून व्याज ६७,५००. पूर्ण पाच लाखांवर दोन वर्षं धरलं असतं तर तेच १,२०,००० झालं असतं. म्हणून मघाशी "शिल्लक मुद्दलावर" या शब्दांवर जोर दिला.

हप्त्याची तारीख डिसेंबर, मार्च, जून आणि सप्टेंबरची २५ ठेवली, तर २०२६-२७ मध्ये २८,१२५, २०२७-२८ मध्ये ३३,७५० आणि २०२८-२९ मध्ये ५,६२५ व्याज येईल. १५ लाख पगारातून नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की तुमचं उत्पन्न १४.२५ लाख राहतं. तुम्ही १२ ते १६ लाखांच्या, १५ टक्क्यांच्या टप्प्यात आहात. ४ टक्के उपकर धरून १५.६ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी साधारण ४,३८८, दुसऱ्या वर्षी ५,२६५ आणि तिसऱ्या वर्षी ८७८ रुपये कर. बारा टक्क्यांपैकी हातात दहाच्या थोडं वर उरतात. मोडलेल्या ठेवीवर जे व्याज मिळत होतं, त्यावरही हाच कर होता, तेव्हा तुलना करताना दोन्हीकडे करानंतरचा आकडा घ्या.

कंपनी पगारातून तुमचा पगारापुरता कर कापत असेल आणि या व्याजामुळे शिल्लक राहणारा कर वर्षाला १०,००० च्या आत असेल, तर आगाऊ कर भरावा लागत नाही. विवरणपत्र भरताना भरला तरी चालतो. पण ठेवींचं व्याज, म्युच्युअल फंडाचा नफा असं काही मिळून बाकी कर १०,००० झाला, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरायचा, नाहीतर व्याजाचा भुर्दंड बसतो. याहून सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या लेखा विभागाला हे उत्पन्न कळवणं. ते पगारातूनच जास्तीचा कर कापतात.

तुम्ही म्हणता तसं, भाऊ टीडीएस कापणार नाही हे खरं आहे. व्यक्तीने दिलेल्या व्याजावर टीडीएस तेव्हाच, जेव्हा तिच्या धंद्याची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर असते (डॉक्टर-वकिलांसारखा पेशा असेल तर पन्नास लाखांच्या वर) आणि वर्षाचं व्याज १०,००० च्या वर जातं. साठ लाखांच्या उलाढालीला हे लागू नाही. पुढच्या वर्षी त्याला मोठी ऑर्डर मिळून उलाढाल कोटीपलीकडे गेली, तर त्याच्या पुढच्या वर्षापासून त्याने १० टक्के कापून तुमच्या पॅनवर भरायला हवेत. तुमचा पॅन त्याच्याकडे नसला तर २० टक्के.

टीडीएस नाही म्हणून वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, हे व्याज दिसणार नाही. मग दाखवलं नाही तर कळेल कसं, असा विचार बरेच जण करतात. कळतं ते भावाकडून. मशीन धंद्यासाठी आहे, तेव्हा तो हे व्याज खर्चात टाकून आपला कर कमी करणार, आणि तसं करणं योग्यच आहे. त्याच्या ताळेबंदात तुमचं नाव विनातारण कर्ज देणाऱ्यांत येईल. पुढे त्याच्या हिशेबांचं कर-लेखापरीक्षण झालं, तर २०,००० च्या वरची कर्जं देणाऱ्याच्या नाव, पत्ता आणि पॅनसकट त्या अहवालात लिहावी लागतात. त्याने खर्च दाखवायचा आणि तुम्ही उत्पन्न लपवायचं, ही जोडी टिकत नाही. हवं तर व्याज घेऊच नका. बिनव्याजी कर्ज दिलं म्हणून "इतकं मिळालं असतं" असं धरून आयकर खातं तुमच्यावर कर लावत नाही.

व्याज कुठल्या वर्षात दाखवायचं, इथे तुम्हाला निवड आहे. या सदरात हाती आल्यावर धरायची रोख पद्धत किंवा येणं झालं की धरायची व्यापारी पद्धत, यांपैकी एक निवडता येते. मात्र एकदा निवडली की दरवर्षी तीच. पगारदाराला रोख पद्धत सोयीची, कारण न आलेल्या व्याजावर खिशातून कर भरावा लागत नाही. समजा मार्च २०२७ चा हप्ता भावाने ६ एप्रिलला पाठवला. तर २०२६-२७ मध्ये तुम्ही १५,००० च दाखवाल आणि ते १३,१२५ पुढच्या वर्षात जातील. भाऊ व्यापारी पद्धतीने मार्चमध्येच पूर्ण २८,१२५ खर्च धरेल. दोघांचे आकडे जुळणार नाहीत आणि तरी दोघेही बरोबर असतील, फक्त हा फरक कागदावर नोंदलेला हवा. तो कुठे नोंदायचा, ते पुढे सांगतो.

ठेव न मोडता तिच्यावर बँकेकडून कर्ज काढून तुम्ही भावाला दिलं, तर बँकेला भरलेलं व्याज भावाकडून आलेल्या व्याजातून वजा करता येतं. त्यासाठी बँकेचं कर्ज तुमच्या खात्यात आल्यावर लगेच तीच रक्कम भावाकडे गेलेली दिसायला हवी. मध्ये त्यातून घरखर्च झाला की सांधा तुटतो. आणि एक कडू गोष्ट: भावाने मुद्दल बुडवलं, तर ते तोटा म्हणून तुमच्या पगारातून वजा होत नाही. बुडीत कर्जाची वजावट ज्याचा पैसे देण्याचा धंदा आहे, त्याला मिळते.

धंद्याचा विषय निघालाच आहे, तर सावकारीचं बघू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे आणि कैदेपर्यंत शिक्षा आहे. एका मामेभावाला एकदा व्याजाने पैसे देणं म्हणजे धंदा नव्हे. न्यायालयं सातत्य बघतात: अनेकांना, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या पद्धतीने. यानंतर मेहुण्याला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या दोघांना असंच द्यायला लागलात, तर ते उत्तर बदलू शकतं. मग पैशांसाठी दावा केला, तरी परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय हुकूमनामा देत नाही. दराच्या बाबतीत राज्य सरकारने परवानाधारक सावकारांसाठी २०१४ मध्ये मर्यादा घातली. शेतकऱ्याला तारण असेल तर ९ आणि नसेल तर १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. हे दर तुमच्यासाठी नाहीत, पण त्यांच्या आत राहणं शहाणपणाचं. बोलीतले "दोन टक्के" म्हणजे वर्षाला चोवीस, आणि तिथे तक्रार झाली की कागदाचा रंगच पालटतो. जाता जाता, ही चौकट वाचणारे कुणी सरकारी नोकरीत असतील तर त्यांनी थांबावं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत व्याजाने पैसे देण्याला मनाई आहे, मग रक्कम छोटी असो की मोठी.

आता कागद. "मामेभाऊ" म्हणून कागद नको असं घरचे म्हणतात, पण आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत मामेभाऊ बसतच नाही. नवरा किंवा बायको, सख्खी भावंडं, नवऱ्याची किंवा बायकोची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या वर-खालच्या थेट पिढ्या आणि या सगळ्यांचे जोडीदार एवढेच त्यात येतात. मामा आहे, मामाचा मुलगा नाही. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात ५०,००० च्या वर बिनमोबदला पैसे आले, तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. हे कर्ज आहे, हे भावाला दाखवता आलं नाही, तर पाच लाखांवर कर भरायची वेळ त्याच्यावर येईल. कागद मागताना संकोच वाटत असेल, तर त्याला हेच सांगा: कागद तुझ्यासाठी आहे.

वचनचिठ्ठीपेक्षा साधा कर्ज करारनामा करा. वचनचिठ्ठी एका ओळीची असते म्हणून लोकांना आवडते, पण तिच्यावरचं मुद्रांक शुल्क कमी पडलं तर ती न्यायालयात पुरावा म्हणून घेतच नाहीत, नंतर दंड भरूनही नाही. मुदतीची वचनचिठ्ठी असेल, तर शुल्काचा हिशेब मागणीच्या वचनचिठ्ठीपेक्षा वेगळा असतो आणि चूक तिथेच होते. कराराचं तसं नाही, कमी पडलेलं शुल्क दंडासह भरून तो वाचवता येतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारासाठी किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झाला आहे. पाच लाखांच्या कर्जकराराला तेवढा पुरतो. मुद्रांक तुमच्यापैकी एकाच्या नावाने, सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी घ्या. घेतलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरायचा असतो.

करारात दोघांचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तुमच्या आणि त्याच्या खात्याचा तपशील, पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक, व्याजदर आणि आठही हप्त्यांच्या तारखा-रकमा असू द्या. मजकूर साधा ठेवा. उदाहरणार्थ:

"कर्जदार शिल्लक मुद्दलावर द.सा.द.शे. १२ दराने सरळव्याज देईल. सोबतच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक हप्ता बँकेमार्फतच भरला जाईल. आलेली रक्कम अपुरी असल्यास ती आधी व्याजात व नंतर मुद्दलात धरली जाईल. लागोपाठ दोन हप्ते थकल्यास संपूर्ण शिल्लक मुद्दल व व्याज तात्काळ देय होईल."

दोघांच्या प्रत्येक पानावर सह्या आणि घरातल्या नव्हे, बाहेरच्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

"मागाल तेव्हा परत देईन" असं मात्र लिहू नका. ऐकायला आपुलकीचं वाटतं, पण मुदतीच्या कायद्यात ते महागात पडतं. मागणीवर परत करायच्या कर्जाची तीन वर्षांची मुदत तुम्ही मागितल्यापासून नव्हे, पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. १ ऑक्टोबर २०२६ ला दिलेले पैसे तुम्ही भिडेखातर मागितलेच नाहीत, तर १ ऑक्टोबर २०२९ नंतर दावा करायचा हक्क संपतो. हप्त्यांच्या तारखा लिहिल्या असतील, तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं त्याच्या त्याच्या तारखेपासून सुरू होतात.

ही मुदत नव्याने सुरू करायचा साधा मार्ग म्हणजे कर्जदाराने मुदत संपायच्या आत सही करून दिलेली लेखी कबुली. मुदत उलटून गेल्यावरच्या कबुलीचा तसा उपयोग नाही. बँकेत आलेला हप्ताही कामाचा असतो, पण तो हप्ता कर्जापोटी भरला असं कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा सहीने कुठेतरी असावं लागतं. "हो ताई, देतो" या व्हॉट्सॲप निरोपावर विसंबू नका. तो जोडीला ठेवा, मुख्य पुरावा म्हणून नको.

म्हणून माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा कागद मूळ करार नसून दरवर्षी ३१ मार्चला भावाच्या सहीने घ्यायचं एक पानी पुष्टीपत्र आहे. पहिल्या वर्षीचं पत्र असं असेल:

"मी, वर्कशॉपसाठी आपल्याकडून १ ऑक्टोबर २०२६ रोजी बँकेमार्फत रु. ५,००,००० कर्ज घेतले. ३१ मार्च २०२७ अखेर मुद्दलापोटी रु. १,२५,००० व व्याजापोटी रु. २८,१२५ बँकेमार्फत दिले. येणे बाकी व्याज: निरंक. शिल्लक मुद्दल रु. ३,७५,००० मला देणे आहे व मान्य आहे."

खाली तारीख, सही आणि दोघांचे पॅन. मार्चचा हप्ता एप्रिलवर गेला असेल, तर मुद्दलापोटी ६२,५००, व्याजापोटी १५,०००, येणे बाकी व्याज १३,१२५ आणि शिल्लक मुद्दल ४,३७,५०० असं लिहा. तुमच्या आणि त्याच्या आकड्यांतला मघाचा फरक असा जागच्या जागी नोंदला जातो. भावाच्या लेखापालाला वर्षाअखेरी कर्जदात्याची पुष्टी हवीच असते, त्यामुळे हे पत्र मागणं कुणाला खटकत नाही. त्याला त्याच्या हिशेबासाठी तुमची सही, तुम्हाला मुदतीसाठी त्याची सही. दोन प्रती काढा, दोघांनी दोन्हींवर सह्या करा. तारखेच्या बाबतीत फसवेगिरी नको. पत्र १० एप्रिलला सही झालं असेल तर १० एप्रिलच लिहा. हिशेब "३१ मार्च अखेर"चा असतो, सही त्याच दिवशीची असायची गरज नाही.

याखेरीज एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने पुरतात: तारीख, आलेली रक्कम, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, शिल्लक मुद्दल. शेजारी यूटीआर. बँकेचं स्टेटमेंट दर एप्रिलला पीडीएफ करून ठेवा, जुन्या वर्षांची स्टेटमेंट ऐनवेळी बँकेकडून मिळवताना दिवस जातात. विवरणपत्र, करार, पुष्टीपत्रं आणि स्टेटमेंट शेवटचा हप्ता आल्यानंतर सात-आठ वर्षं जपा. विवरणपत्रात व्याज इतर स्रोतांखाली बँकव्याजापासून वेगळं, "इतर व्याज" म्हणून दाखवा. फक्त पगार, एक-दोन घरं आणि व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर आयटीआर-१ मध्येही ते बसतं.

भाऊ हमीचा धनादेश द्यायला तयार असेल तर घ्या, पण त्याचा उल्लेख करारात क्रमांकासह करा. धनादेशाची वैधता त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते. तो न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली की फौजदारी बाजू लंगडी पडते. मित्राला दिलेल्या कर्जाच्या, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की २०,००० च्या वर रोखीने दिलेलं कर्ज केवळ तेवढ्यामुळे वसुलीस अपात्र ठरत नाही. आयकराचा दंड मात्र वेगळा उरतोच, म्हणून हा निकाल रोखीची परवानगी समजू नका.

२५ सप्टेंबर २०२८ ला शेवटचे ६२,५०० आणि १,८७५ आले, की भावाला "मुद्दल व व्याज पूर्ण मिळाले, काही येणे नाही" अशी पावती एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून द्या, हमीचा धनादेश परत करा आणि मूळ करारावर आडवी रेघ मारून "फिटले" लिहून दोघांनी सह्या करा.